पहिली संहिता हाती आल्यावर: मुद्रितशोधन, स्टाइल शीट आणि पानाचा हिशेब

नाशिकमध्ये मराठी मुद्रितशोधनाचे काम बहुधा स्थानिक प्रकाशक, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक यांच्याकडून येते. ते वर्डच्या फाइलच्या रूपात ई-मेलवर येते आणि सोबत एवढाच निरोप असतो: “जरा शुद्धलेखन बघून द्या, पानाला अमुक देऊ.” या वाक्यात दोन गोष्टी मोघम राहतात. कोणते शुद्धलेखन बघायचे हे कळत नाही आणि पान म्हणजे नेमके काय हेही कळत नाही. नवख्या व्यक्तीच्या कामात पुढे ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक या दोन मोघम गोष्टींतून येतात, म्हणून पहिल्या कामाची पद्धत त्यांच्याभोवतीच बांधावी.

होकार देण्याआधी पाच पाने

संहिता मिळताच दर मान्य करू नये. फाइलच्या मधल्या भागातली पाच पाने काढून ती घड्याळ लावून वाचावीत. पहिले प्रकरण नमुन्यासाठी घेऊ नये, कारण लेखकाने सर्वांत जास्त हात त्यावरच फिरवलेला असतो आणि उरलेली संहिता तितकी स्वच्छ असेलच असे नाही. या पाच पानांतून दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. एक, ताशी किती शब्द नीट वाचून होतात. दोन, आपण ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, जोडाक्षरे आणि टंकनाच्या चुका दुरुस्त करतो आहोत, की वाक्येच नव्याने रचतो आहोत. प्रत्येक परिच्छेदात एखादे वाक्य मोडून पुन्हा जुळवावे लागत असेल, तर ते काम संपादनाचे आहे. त्याचा दर वेगळा असतो आणि त्याला लेखकाची संमतीही वेगळी लागते, म्हणून प्रकाशकाला हे त्याच दिवशी, त्या पाच पानांतली उदाहरणे दाखवून कळवावे. अर्धे पुस्तक झाल्यावर कळवले तर ती तक्रार वाटते.

नियमाची चूक आणि शैलीची निवड

समजा, गोदाकाठच्या आठवणींचे एक पुस्तक आले आहे आणि त्यातला एक परिच्छेद असा आहे:

“गंगापुर धरणातुन पाणी सोडल्याची बातमी आली कि रामकुंडावरील दुकानदार आपल्या टपर्या उचलू लागत. दुतोंड्या मारूतीच्या कमरेला पाणी लागलं कि पूर आला, असे जुने नाशीककर म्हणत. १९६८ च्या पुरात मात्र अंदाज घ्यायला कोणाला वेळच मिळाला नाहि. ‘पान्याला डोळं नसत्यात,’ आजी म्हणायची.”

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे अठरा नियम लहान आहेत. ते उदाहरणांसह पाठ असल्याशिवाय हे काम घेऊ नये. वरच्या परिच्छेदातील बऱ्याच दुरुस्त्या थेट त्यांतून निघतात. गावाच्या नावाच्या शेवटी येणारे ‘पूर’ दीर्घ असते, म्हणून ‘गंगापूर’. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘धरणातून’. ‘की’ आणि ‘नाही’ यांतील अन्त्य ईकार दीर्घ. ‘मारुती’ हा मूळ संस्कृत ‘मारुति’, म्हणून त्यातील ‘रु’ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्वच राहतो आणि फक्त अन्त्य इकार मराठीत दीर्घ होतो. ‘टपर्या’ मध्ये रफार चुकीचा आहे, तेथे ‘टपऱ्या’ हवे.

‘लागलं’ चे प्रकरण मात्र निराळे आहे. ‘लागलं’ हे रूप स्वतःत चूक नाही. बोलण्याच्या ओघात लिहिलेल्या गद्यात संपूर्ण पुस्तकभर ‘केलं, गेलं, लागलं’ अशी रूपे चालतात. येथे अडचण अशी आहे की त्याच वाक्यात पुढे ‘असे’ आहे, म्हणजे लेखक निवेदनात दोन्ही रूपे मिसळतो आहे. कोणते ठेवायचे हे नियम सांगत नाही, लेखक आणि प्रकाशक सांगतात. ‘नाशीक’ चेही तसेच. उपान्त्य दीर्घाचा नियम यांत्रिकपणे लावला तर ‘नाशीक’ योग्य वाटू शकते, पण शहराचे रूढ आणि अधिकृत लेखन ‘नाशिक’ आहे आणि विशेषनामात रूढी पाळावी लागते.

‘१९६८’ हा तिसरा प्रकार आहे. समजा, याच संहितेत तीस पानांनंतर त्याच पुराचे वर्ष १९६९ दिले आहे. गोदावरीचा मोठा पूर १९६९ चा, हे आपल्याला ठाऊक असले तरी आकडा परस्पर बदलू नये. लेखक कदाचित आदल्या वर्षीच्या दुसऱ्या पुराबद्दल बोलत असेल. अशा ठिकाणी मजकुराला हात न लावता टिपणी करावी. आणि आजीचे वाक्य, म्हणजे ‘पान्याला डोळं नसत्यात’, जसेच्या तसे ठेवावे. संवादातली बोली प्रमाण करणे ही नवख्या मुद्रितशोधकाकडून होणारी सर्वांत महागडी दुरुस्ती असते, कारण ती लेखकाला हाताने एकेक करून परत फिरवावी लागते. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांतील लेखकांच्या संवादांत अहिराणी येते. तेथे फक्त एवढेच पाहावे की एकच पात्र एकच शब्द दोन ठिकाणी दोन प्रकारे बोलत नाही ना, आणि तसे आढळले तरी बदल न करता विचारावे.

अशा रीतीने एका परिच्छेदात नऊ दुरुस्त्या, एक प्रश्न आणि एक मुद्दाम न केलेला बदल निघाला. त्या नऊपैकी दोन, ‘लागलं’ आणि ‘नाशीककर’, नियमाच्या नव्हे तर निवडीच्या आहेत. अशा निवडी लिहून ठेवण्याची जागा म्हणजे स्टाइल शीट.

स्टाइल शीट: एका पानाचा करार

काही मोठ्या प्रकाशनसंस्थांची स्वतःची स्टाइल शीट असते. ती असल्यास मागून घ्यावी आणि आपले मत बाजूला ठेवून तीच पाळावी. पुष्कळ ठिकाणी ती नसते, आणि तेव्हा मुद्रितशोधकाने स्वतः तयार करून पहिल्याच आठवड्यात प्रकाशकाकडून मान्य करून घ्यावी. नमुन्याची पाच पाने आणि आणखी एक पूर्ण प्रकरण वाचले की तिचा कच्चा आराखडा तयार होतो. गोदाकाठच्या पुस्तकासाठी तो असा दिसेल:

निवेदन: ‘केले, गेले, असे’. संवाद: लेखकाचे मूळ रूप.
अंक: देवनागरी, वर्षानंतरचा प्रत्यय सुटा, ‘१९६९ च्या’.
अनुस्वार: ‘सिद्धांत, पंडित, अंत’, ‘सिद्धान्त, पण्डित’ असा परसवर्ण वापरायचा नाही.
अवतरण: संवादाला दुहेरी, आतल्या अवतरणाला एकेरी.
इंग्रजी स्वर: ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हीच अक्षरे, ‘ऍ’ नाही.
विशेषनामे: नाशिक, गंगापूर, रामकुंड, दुतोंड्या मारुती.
तसेच ठेवायचे शब्द: पानी, डोळं, नसत्यात (आजी).

यापुढे अकारविल्हे शब्दयादी वाढत जाते. जो शब्द पाहून आपण क्षणभर थांबलो, शब्दकोश उघडला किंवा मागचे पान शोधले, तो शब्द त्याच वेळी यादीत जावा आणि त्यापुढे तो पहिल्यांदा आला ते पान लिहावे. पानाचा आकडा अनावश्यक वाटतो, पण दोनशेव्या पानावर निर्णय बदलावा लागला तर मागे कोठवर जायचे हे त्यावरूनच कळते. विशेषनामांबद्दल शंका असेल आणि घरी संदर्भ नसेल, तर टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयात बसून पाहता येते. १८४० पासूनच्या या संस्थेत जुन्या नाशिकविषयीचे ग्रंथ शोधणे आपल्याला इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा सोपे जाते.

अनुस्वाराच्या ओळीबद्दल एक सूचना. तत्सम शब्दांत ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ दोन्ही नियमानुसार चालतात, म्हणून नवखा मुद्रितशोधक दोन्ही तसेच सोडतो. वाचकाला मात्र एका पानावर ‘सिद्धांत’ आणि पुढच्या पानावर ‘सिद्धान्त’ दिसले की पुस्तकाकडे कोणी पाहिलेच नाही असे वाटते. दोन्ही बरोबर असलेल्या रूपांतून एक निवडणे हेच स्टाइल शीटचे खरे काम आहे. नियम पुस्तकात छापलेले आहेतच, ते तिच्यात पुन्हा लिहून ती लांबवू नये.

ट्रॅक चेंजेस: मराठीत येणाऱ्या खास अडचणी

मूळ फाइल कधीही उघडून काम सुरू करू नये. तिची प्रत करावी, मूळ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि प्रतीमध्ये `Review` पट्टीतील `Track Changes` सुरू करावे. `Ctrl+Shift+E` ने तेच होते. दृश्य `All Markup` वर ठेवावे. `Simple Markup` मध्ये पान स्वच्छ दिसते, पण काढलेला मजकूर नजरेआड होतो आणि दोन शब्दांमधली जागा चुकून गेली तर लक्षात येत नाही.

आता देवनागरीची अडचण. इंग्रजीत एक अक्षर बदलले की तेवढेच अक्षर खोडलेले दिसते. ‘मारूती’ मधला फक्त दीर्घ उकार पुसून ऱ्हस्व लिहिला, तर शब्द मधोमध तुटतो, मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळताना दिसते आणि लेखकाला काय बदलले हे वाचताच येत नाही. जोडाक्षराच्या मध्ये बदल केला तर आणखी गोंधळ होतो. म्हणून काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा रफार यांतील काहीही बदलायचे असले, तरी पूर्ण शब्द निवडून तो नव्याने लिहावा. खोडलेला ‘मारूतीच्या’ आणि त्याशेजारी नवा ‘मारुतीच्या’ असे दिसले की लेखक एका नजरेत निर्णय घेऊ शकतो.

सर्वत्र सारख्या आणि निर्विवाद असलेल्या बदलांचे, जसे दुहेरी जागा किंवा पूर्णविरामाआधीची जागा, खुणांमध्ये ओझे करू नये. हजार लाल रेघांत खरे नऊ बदल हरवतात. प्रकाशकाला विचारून असे बदल ट्रॅक चेंजेस बंद ठेवून सुरुवातीलाच करावेत आणि काय केले ते पत्रात नोंदवावे. `Track Changes Options` मधील `Advanced Options` मध्ये जाऊन `Track formatting` बंद करावे, म्हणजे फाँटच्या बदलांनी समास भरत नाही.

सर्वत्र बदल करताना `Replace All` वर विश्वास ठेवू नये. ‘कि’ च्या जागी ‘की’ असा आदेश दिला तर ‘किंवा’, ‘किती’ आणि ‘किनारा’ हे सगळे बिघडतात. दोन्ही बाजूंना जागा ठेवून शोधले तर ‘कि,’ सारखी ठिकाणे निसटतात. शोध एकेक करून पुढे न्यावा. एका पुस्तकाला त्याला अर्धा तास लागतो, आणि तो वाचवण्यासारखा नाही.

न दिसणारी एक अडचण ‘टपऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांत असते. हे ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे लिहिले जाते: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधले म्हणून दुसरे सापडेलच असे नाही. त्यामुळे ‘टपऱ्या’ चा शोध घेताना संहितेतील दोन्ही नमुने उचलून स्वतंत्रपणे शोधावेत आणि कोणता ठेवायचा ते स्टाइल शीटमध्ये लिहावे. ‘शुद्ध’ च्या जागी ‘शुध्द’, ‘प्रसिद्ध’ च्या जागी ‘प्रसिध्द’ हीदेखील टंकनातून येणारी चूक आहे. डोळा तिला लवकर सरावतो, म्हणून ‘ध्द’ एवढेच टाकून शेवटी एक शोध घ्यावा.

टिपण्यांसाठी `New Comment` वापरावे आणि प्रत्येक टिपणीत लेखकाला उत्तर देता येईल असा प्रश्न असावा. ‘वर्ष तपासावे’ एवढे पुरत नाही. ‘येथे १९६८, पृष्ठ ४२ वर १९६९, एकाच पुराचा उल्लेख असल्यास कोणते वर्ष ठेवावे?’ असे लिहिले की लेखक एका शब्दात उत्तर देतो. दीडशे टिपण्या असलेली फाइल लेखक दोन महिने उघडत नाही, म्हणून एकाच प्रकारचे प्रश्न एका टिपणीत एकत्र करावेत.

काम संपल्यावर स्वतःचे बदल खुणांच्या फाइलमध्येच स्वीकारू नयेत. खुणांची फाइल, तिच्या प्रतीवर `Accept All Changes` करून काढलेली स्वच्छ फाइल आणि स्टाइल शीट अशा तीन गोष्टी पाठवाव्यात. पाठवण्याआधी `Compare` ने मूळ फाइल आणि स्वच्छ फाइल पडताळावी. मध्येच केव्हातरी ट्रॅक चेंजेस बंद पडले असेल, तर खुणा नसलेले बदल येथेच उघडे पडतात.

दुसरे प्रूफ

संहिता अक्षरजुळणीला गेल्यावर ट्रॅक चेंजेसचा उपयोग संपतो आणि पीडीएफ किंवा कागदी प्रूफ येते. या टप्प्यावर नव्या चुका शिरतात, विशेषतः युनिकोड मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रूपांतरित केला असेल तर. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या भलत्याच भागापुढे बसते, रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, ‘ऱ्या’ चा पुन्हा ‘र्या’ होतो आणि अवतरणचिन्हे उलटतात. म्हणून दुसरे प्रूफ वाचताना प्रत्येक प्रकरणाची पहिली दोन पाने वर्डमधील स्वच्छ फाइलशी शब्दशः ताडून पाहावीत. रूपांतराची चूक एका जागी सापडली की ती सर्वत्र असते, आणि ती डीटीपी करणाऱ्याला एकदाच सांगून एका आदेशात सुटते. प्रत्येक पानावर खूण करत बसू नये. ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे दिसली तरी तेच करावे. शासनाने २००९ मधील निर्णयात मराठी वर्णांची वळणे ठरवून दिली आहेत, पण पुस्तकात ती आणणे हा फाँट निवडण्याचा भाग आहे.

प्रूफवर दुरुस्ती केलेल्या ओळीच्या वरची आणि खालची ओळही वाचावी. एक शब्द लांबला की ओळ पुढे सरकते, परिच्छेदाची शेवटची ओळ नव्या पानाच्या डोक्यावर एकटी जाऊन बसते आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात.

पान म्हणजे काय

आता पैशाकडे वळू. पुढील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. ते बाजारभाव म्हणून धरू नयेत.

गोदाकाठचे पुस्तक ४८,००० शब्दांचे आहे आणि दर पानाला २० रुपये ठरला आहे. वर्डमधील ए-फोर पानावर सुमारे ४०० शब्द बसत असतील, तर फाइल १२० पानांची होते आणि रक्कम २,४०० रुपये येते. तेच पुस्तक डेमी या छापील पुस्तकाच्या आकारात, पानाला सुमारे २५० शब्द धरून, १९२ पानांचे, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांचे बारा फर्मे होते आणि रक्कम ३,८४० रुपये येते. शब्द तेच आहेत, दरही तोच आहे, फक्त पान वेगळे आहे. पहिल्या हिशेबाने शब्दाला ५ पैसे पडतात, दुसऱ्याने ८ पैसे. शिवाय वर्डमध्ये अक्षराचा आकार किंवा ओळींमधले अंतर कमी केले की १२० ची १०० पानेही होऊ शकतात. म्हणून दर सांगताना ‘छापील डेमी पान’ किंवा ‘२५० शब्दांचे एक पान’ असे स्पष्ट म्हणावे. दुसरा पर्याय मला अधिक बरा वाटतो, कारण शब्दसंख्या दोघांनाही फाइलमध्ये पाहता येते आणि पुस्तकाची मांडणी बदलली तरी ती बदलत नाही. मासिकाच्या दोन रकान्यांच्या मोठ्या पानावर डेमी पानाच्या दुपटीहून अधिक मजकूर असू शकतो, त्यामुळे पुस्तकाच्या पानाचा दर मासिकाला तसाच लावू नये.

दुसरा प्रश्न किती वाचनांचा. समजा, नमुन्याच्या पाच वर्ड-पानांना, म्हणजे २,००० शब्दांना, ५० मिनिटे लागली. या गतीने पहिले वाचन २० तासांचे होते. स्टाइल शीट, शेवटचे शोध आणि दुसरे प्रूफ यांना आणखी ८ तास धरले, तर एकूण २८ तास होतात. सगळे एकाच दरात धरले तर ३,८४० रुपयांचे ताशी सुमारे १३७ रुपये पडतात, आणि वर्डची पाने मोजली तर ताशी ८६. दुसरे प्रूफ अर्ध्या दराने वेगळे ठरवले, तर १९२ पानांचे आणखी १,९२० रुपये मिळून एकूण ५,७६० रुपये होतात आणि ताशी दर २०६ च्या आसपास जातो. दर वाढवून मागण्यापेक्षा दुसऱ्या वाचनाचा दर वेगळा मागणे प्रकाशकालाही समजायला सोपे असते, आणि चांगल्या स्टाइल शीटमुळे ते वाचन लवकर उरकते, याचा फायदा आपल्याला मिळतो.

कविता, तक्ते, तळटीपा आणि सूची यांच्याबद्दल आधी बोलून ठेवावे. कवितेच्या पानावर साठ शब्द असतील, पण तेथे ओळींची मांडणी, कडव्यांमधले अंतर आणि जाणूनबुजून मोडलेले ऱ्हस्व-दीर्घ हे सर्व पाहावे लागते, म्हणून कवितासंग्रहाला शब्दांचा हिशेब न लावता छापील पानाचा लावावा. सूची आणि संदर्भग्रंथांच्या याद्या साध्या मजकुरापेक्षा कितीतरी सावकाश वाचून होतात.

दिवाळी अंकांचे काम श्रावण-भाद्रपदात येते आणि अंक बाजारात गेल्यावर, जाहिरातींचे पैसे जमले की मानधन देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. अट मान्य करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण मानधन प्रूफ पाठवल्यावर मिळणार की प्रकाशनानंतर, हे काम सुरू होण्याआधी ई-मेलमध्ये आले पाहिजे. त्याच ई-मेलमध्ये पानाची व्याख्या, वाचनांची संख्या, प्रत्येक वाचनाचा दर, फाइल देण्याची तारीख आणि लेखकाने नंतर घातलेल्या नव्या मजकुराचा हिशेब एवढे लिहावे. नवा मजकूर हा नेहमी दुसऱ्या प्रूफच्या वेळी येतो आणि तो कोणीच एकदाही वाचलेला नसतो. त्याला पहिल्या वाचनाचाच दर लावावा. बिलावर पुस्तकाचे नाव, शब्दसंख्या, त्यावरून काढलेली पाने, वाचनागणिक रक्कम, पॅन आणि बँक खात्याचा तपशील द्यावा, आणि प्रकाशकाने टीडीएस कापला असल्यास तो आपल्या पॅनवर जमा झाला आहे का, हे आयकर विवरणपत्र भरण्याआधी पाहून घ्यावे.